बक्षीस समारंभाचं भाषण: क्रमांकाबद्दल बोलायचंय, मसुदा तपासून द्या

शाळेतली_चिंच

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित शिकवते. येत्या शनिवारी आमचा बक्षीस समारंभ आहे आणि शिक्षकांतर्फे बोलायची पाळी या वर्षी माझ्यावर आलीय. वेळ सहा मिनिटं. त्यानंतर पाहुणे आणि त्यानंतर नाच, त्यामुळे सातवं मिनिट कोणी देणार नाही.

आमच्याकडे बक्षिसं गेल्या वर्षीच्या निकालावर देतात. म्हणजे आता आठवीत बसलेली मुलं सातवीच्या गुणांसाठी स्टेजवर येतात. प्रत्येक वर्गाचे पहिले तीन, मग विषयवार प्रथम, मग खेळ. या वेळी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी 'प्रगती पारितोषिक' असं एक नवं बक्षीस मान्य करून घेतलंय. भाषणही त्यावरच करायचं आहे: नुसत्या गुणांनी क्रमांक लावला की मुलाने केलेले कष्ट आणि त्याने मारलेली मजल दिसत नाही. मसुदा असा आहे:

"प्रत्येक मूल हे बागेतलं वेगळं फूल असतं. आइन्स्टाइन म्हणाले होते, माशाला झाडावर चढता येतं का यावर त्याची परीक्षा घेतलीत तर तो आयुष्यभर स्वतःला मूर्ख समजेल. आज इथे पहिले तीन क्रमांक बोलावले जातील. पण त्याच वर्गातल्या एका मुलाला पहिल्या सत्रात गणितात ३४ गुण होते, दुसऱ्या सत्रात ५२ झाले. अठरा गुणांची झेप! पहिली आलेली मुलगी ८८ वरून ९३ वर गेली, म्हणजे पाचच गुण. मग सांगा, जास्त मेहनत कोणाची?"

पुढचं अजून लिहायचंय. भाषा जड झालीय का, कुठे टाळ्या येतील, काय काढू, सगळं सांगा.

सूत्रधार_बापू

ताई, बक्षीस वितरणासाठी माझ्याकडे तयार चारोळ्या आहेत. पाहुण्यांचं स्वागत, दीपप्रज्वलन, आभार, सगळ्यांच्या. "यशाच्या शिखरावर..." ही तर हमखास चालते. टाकू का इथे?

शाळेतली_चिंच

बापू, सूत्रसंचालन आमच्या मराठीच्या बाई करतायत, मला फक्त भाषण करायचंय. तरी आभार.

पाठचा_बाक

मासा आणि झाड दोन्ही काढा. ते वाक्य आइन्स्टाइनचं असल्याचा पुरावा कोणालाही सापडलेला नाही, आणि समोर बसलेल्या मुलांनी ते व्हॉट्सअॅपवर शंभरदा वाचलेलं असतं. फूलही काढा.

दुसरं म्हणजे त्या पारितोषिकाचं नाव जपून ठेवा. मला सहावीत 'उत्तेजनार्थ' मिळालं होतं. एक कंपासपेटी. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, कशाबद्दल? मला सांगता आलं नाही. वर्गात मात्र सगळ्यांना माहीत होतं की ज्याला काहीच मिळत नाही त्याला ते मिळतं. पुढे वर्षभर मला 'उत्तेजन' म्हणून हाक मारायचे. तुमच्या त्या ३४ गुणांच्या मुलाला स्टेजवर बोलावून 'हा आधी ३४ वर होता' असं सांगणार आहात का? गावात आहात, ताई. गाव विसरत नाही.

शाळेतली_चिंच

अगदी वर्मावर बोट ठेवलंत. नाव घेणार नव्हते, पण बक्षीस घ्यायला तोच येणार म्हटल्यावर नाव न घेऊन उपयोग काय. यावर विचार करते.

वाचनवेडा

मुळात शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत क्रमांक काढायला बंदी आहे. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात श्रेणी देतात. ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, असं. तुमची शाळा पहिले तीन काढते हेच बेकायदा आहे. भाषणाची गरजच नाही, तक्रार करा!

निवृत्त_हेडमास्तर

वाचनवेडा, अर्धं बरोबर. श्रेणींचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. सातवी-आठवीला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला ४० आणि सत्राअखेरच्या संकलितला ६० असा भारांशही त्याच निर्णयातला. पण २००९ च्या कायद्याने अडवलं होतं ते मुलाला त्याच वर्गात ठेवणं आणि आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा घेणं. त्यातलं वर्गात ठेवण्याचं कलम २०१९ साली सैलही झालं आणि आपल्याकडे पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. शाळेने समारंभात कोणाला बक्षीस द्यावं याबद्दल त्या कायद्यात काही नाही. क्रमांक काढणं त्या मूल्यमापनाच्या हेतूशी विसंगत आहे एवढं म्हणता येईल. ते मीही म्हणायचो, आणि दर डिसेंबरात क्रमांकही काढायचो.

का काढायचो ते सांगतो. बक्षिसं ठेवींची असतात. आमच्याकडे १९८७ सालची एक ठेव होती. ५,००० रुपये, कै. वडिलांच्या स्मरणार्थ, 'आठवीत संस्कृतात प्रथम येणाऱ्यास'. पत्रात तसं लिहिलेलं. सात टक्क्यांनी वर्षाला ३५० रुपये व्याज. दात्याचा मुलगा दरवर्षी पहिल्या रांगेत येऊन बसायचा. त्याला सांगणार का, की आता प्रथम नाही, प्रगती? त्यामुळे चिंचताई, जुन्या बक्षिसांना हात लावू नका. त्यांच्या शेजारी नवं ठेवा. भाषणातही जुन्यांवर तोंडसुख घेऊ नका, दाते समोरच असतात.

मीच_ती_आई

मला मसुद्यातलं शेवटचं वाक्य वाचून राग आला, तो आधी सांगून टाकते.

माझी मुलगी वर्गात पहिली येते. सकाळी साडेपाचला उठते. तुमच्या ८८ वरून ९३ वर गेलेल्या मुलीसारखीच. "मग सांगा, जास्त मेहनत कोणाची?" याचं उत्तर तुम्ही श्रोत्यांकडून 'त्या मुलाची' असं वदवून घेताय. तुम्हाला काय माहीत? ती पाच गुणांसाठी किती बसली ते तुम्ही पाहिलंत का? १०० च्या पुढे गुणच नाहीत, तर ती अठरा गुणांची झेप मारणार कुठे?

ती ट्रॉफी घ्यायला स्टेजच्या कडेला उभी असणार आणि तिच्याच बाई माइकवर सांगणार की हिची मेहनत कमी. त्या मुलाला मोठं करा, जरूर करा. तिला खाली ढकलून करू नका.

शाळेतली_चिंच

आईताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते वाक्य गेलं.

गणोबा_काका

उशिरा आलो. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी खोड वेगळी: मला भाषणापेक्षा ते ३४ आणि ५२ दिसले. आईताई म्हणतात ते बरोबरच आहे. वरच्या मुलांना जागाच उरत नाही, त्यामुळे नुसती वाढ मोजली की बक्षीस कायम खालच्यांकडेच जाणार. पण घोटाळा त्याहून खोल आहे. चिंचताई, तीन गोष्टी सांगा. वर्गात मुलं किती? दोन्ही सत्रांची गणिताची वर्गसरासरी किती? आणि पहिल्या सत्रात ३० ते ४० च्या मध्ये असलेल्या सगळ्या मुलांचं दुसऱ्या सत्रात काय झालं? नावं नकोत.

शाळेतली_चिंच

काका, मार्कलिस्ट समोर घेऊनच बसलेय. मुलं ४२. पहिल्या सत्राची सरासरी ५४, दुसऱ्याची ६३.

तीस ते चाळीसमध्ये सात मुलं होती. दुसऱ्या सत्रात त्यांना ४१, ४४, ४६, ४७, ४९, ५२ आणि ५४. यातला ५२ म्हणजे माझा मसुद्यातला मुलगा. त्याला 'क' म्हणू.

गणोबा_काका

छान. आता हळूहळू बघू.

अख्खा वर्गच नऊ गुणांनी वर गेला. बेचाळीस मुलं एकदम हुशार झाली, की दुसरा पेपर सोपा होता? पेपर तुम्हीच काढला असणार, तेव्हा तुम्हीच सांगा. 'क'च्या अठरापैकी नऊ गुण तर न हलणाऱ्यालाही मिळाले असते.

पुढे त्या सात जणांची सरासरी काढा. साडेसत्तेचाळीसच्या आसपास येते. आधी ते पस्तीसच्या आसपास होते, म्हणजे साडेबाराने वर. वर्ग नऊने वर आणि तळाची मुलं साडेबाराने, असं का? त्यांनी जास्त कष्ट केले म्हणून? असेलही. पण काहीही न करता हे होतंच. एका परीक्षेत अगदी तळाला गेलेल्यांमध्ये खरोखर कच्ची मुलं असतात आणि त्या दिवशी ज्यांचं बिनसलं तीही असतात. कोणी आजारी, कोणाला नेमका न वाचलेला धडा आला, कोणी पुरवणी जोडायला विसरला. पुढच्या वेळी बिनसलेली मुलं आपापल्या जागी परत येतात आणि तळाची सरासरी वर सरकते. वरच्या टोकाला याच्या उलट होतं, तिथे नशीब जोरावर असलेली मुलं थोडी खाली येतात. गाल्टनने हे १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत दाखवलं. शाळेच्या निकालात ते दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी कोणाच्या तरी शिकवण्याच्या खात्यावर जमा होतं.

म्हणून 'क'ची तुलना त्याच्यासारख्याच ठिकाणाहून निघालेल्यांशी करा. त्यांची सरासरी साडेसत्तेचाळीस, तो बावन्नवर. म्हणजे साडेचार गुण जास्त. वाईट नाही, पण अठराही नाही.

शाळेतली_चिंच

काका, पेपरचं बरोबर ओळखलंत. पहिल्या सत्रात परिमेय संख्या, घातांक आणि बैजिक राशी असतात, तिथे मुलं गळतात. दुसऱ्यात बँक व सरळव्याज आहे, सूत्रात आकडे घातले की गुण मिळतात. म्हणजे दोन्ही पेपर एकाच गोष्टीची परीक्षासुद्धा नाहीत.

वाचनवेडा

काका, इतका कीस कशाला? एका अमेरिकन बाईंचं संशोधन आहे ना, हुशारीचं कौतुक करू नका, मेहनतीचं करा, मुलांचे गुण वाढतात. मेहनतीचं कौतुक करून मोकळं व्हायचं. ३४ काय आणि ५२ काय.

गणोबा_काका

ते म्यूलर आणि ड्वेक यांचं १९९८ चं काम. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं आणि काहींना 'तू कष्ट घेतलेस'. त्यानंतर अवघड कोडी देऊन जाणूनबुजून अपयश दिलं. हुशार म्हटलेली मुलं त्यानंतर ढेपाळली, कष्टाचं कौतुक झालेली टिकून राहिली. पण ते कौतुक तिथल्या तिथे होतं, त्या मुलाने नुकत्याच केलेल्या कामाबद्दल, कानात सांगितल्यासारखं. स्टेजवर आठ महिन्यांनी दिलेल्या ढालीला तो निष्कर्ष लावता येत नाही.

ढालीबद्दलचं वेगळं काम आहे. अमेरिकेत १५ हजारांहून जास्त मुलांवर हजेरीच्या बक्षिसाचा प्रयोग झाला. एकही दिवस न चुकवलेल्या काही मुलांना, आधी काही न सांगता, नंतर प्रमाणपत्र दिलं. पुढच्या महिन्यात ती मुलं प्रमाणपत्र न मिळालेल्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिली. संशोधकांचा अंदाज असा की मुलांनी त्यातून 'अपेक्षेपेक्षा आपण जास्तच येतोय' असा अर्थ घेतला. तेव्हा बक्षीस दिलं की वाढतंच, असं समजू नका.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये काका म्हणतात तसंच शाळांसाठी करतात. २०१६ पासून 'प्रोग्रेस ८' नावाचा आकडा आहे. प्राथमिक शाळा संपताना ज्यांचे गुण सारखे होते अशा देशभरातल्या मुलांशी सोळाव्या वर्षीच्या निकालाची तुलना करतात. हुशार मुलं वेचून घेणाऱ्या शाळांचा तोरा त्यामुळे जरा उतरला. पण कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला प्राथमिकच्या परीक्षाच झाल्या नाहीत, तर ती मुलं सोळाची झाल्यावर प्रोग्रेस काढणार कशावरून? आकडाच निघाला नाही. सुरुवात कुठून झाली ते लिहून ठेवलं नसेल तर प्रगती सांगताच येत नाही.

अवांतर: माझ्या मुलाला इथे प्रगतीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. फ्रिजवर लावलं. तीन दिवसांनी त्याच्या मागच्या बाजूला त्याने डायनासोर काढला.

शाळेतली_चिंच

मंडळी, काल रात्री एक गोष्ट सापडली. सांगताना माझी मलाच लाज वाटतेय.

लेस्टरकरांचं 'सुरुवात कुठून' वाचल्यावर घटक चाचण्यांची वही काढली. त्या २० गुणांच्या असतात. 'क'ला पहिल्या चाचणीत ११, दुसरीत १२. म्हणजे शेकड्यात ५५ आणि ६०. मधे सत्र परीक्षेत ३४, आणि वर्षाच्या शेवटी ५२. तो वर चढलाच नव्हता! तो आधीपासून पन्नास-साठच्या घरातला, मधे एकदा पडला. मग आठवलं. दिवाळीआधी त्याला कांजिण्या झाल्या होत्या. परीक्षेला आला तेव्हा खपल्या पूर्ण गेल्या नव्हत्या, मी त्याला एकट्याला खिडकीशी बसवलं होतं. बसवलं मीच, आणि मीच तीन महिने त्याची अठरा गुणांची झेप सांगत फिरतेय.

गणोबा_काका

लाज कसली. वही काढून बघणारे फार थोडे असतात. आता तीच वही घेऊन उलट शोधा: चारही वेळा आधीपेक्षा वर गेलेलं कोणी आहे का?

शाळेतली_चिंच

एक आहे. 'घ' म्हणू. पहिली चाचणी ८, मग सत्रात ५१, मग चाचणीत १२, मग ६८. शेकड्यात ४०, ५१, ६०, ६८. पहिल्या सत्रात ४६ ते ५५ मध्ये नऊ मुलं होती, त्यांची दुसऱ्या सत्राची सरासरी ६०. म्हणजे 'घ' आठ गुणांनी पुढे. नुसती वाढ बघितली तर तिचे सतरा आणि 'क'चे अठरा, म्हणून एका गुणाने ती माझ्या नजरेतून सुटली होती.

आणि तिची वही मला माहीत आहे. पेपर हातात मिळाला की चुकलेली गणितं ती वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी सोडवत येते. वर तारीख. चुकलेली पायरी खोडत नाही, तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट करते आणि खाली नव्याने मांडते. बैजिक राशींच्या एका गणिताखाली चार तारखा आहेत. चौथ्या वेळी सुटलंय. वर्षअखेर पुढून येणारं आणि मागून येणारं लिखाण मधे एका पानावर भेटलं होतं. तिने तिथे रेघ मारून ठेवलीय.

एकूण क्रमांकात ती वर्गात सोळावी.

पाठचा_बाक

भाषण मिळालं तुम्हाला. त्या चार तारखा सांगा, बाकी काही सांगायची गरज नाही. आणि पारितोषिकाच्या पत्रकावर तिचे ४० कुठेही छापू नका.

मीच_ती_आई

हे मला पटलं. यात कोणाला खाली ढकललेलं नाही. एक सुचवते: हे असं मागून वही लिहिणं तुमच्या पहिल्या आलेल्या मुलीच्या वहीतही असू शकेल, तेही बघा.

गणोबा_काका

आईताईंनी नेमकं विचारलं. मीही एक काडी टाकतो. 'घ'ची वही आणि 'घ'चे गुण एकाच दिशेला गेले म्हणून तुम्हाला आनंद झाला. पण मागून वही लिहूनही जिथल्या तिथे राहिलेलं मूल असेल तर? मेहनत आणि प्रगती आपण एका दमात म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारितोषिक नक्की कशाचं?

शाळेतली_चिंच

आहे, काका. असा एक मुलगा आहे. ४७ वरून ५५. वर्ग जेवढा सरकला जवळपास तेवढाच तो. वही जाडजूड, रोजची. मी नियमातून बघितलं तर तो कुठेच नाही. माझ्याकडे उत्तर नाही.

पहिलीची वहीही बघितली. तिच्या चुका इतक्या थोड्या की मागून लिहायला गणितंच नाहीत. पण आठवीचा सरावसंच तिने आत्ताच अर्धा संपवलाय.

निवृत्त_हेडमास्तर

वहीला बक्षीस ठेवाल तर पुढच्या वर्षी चाळीस मुलं मागून वह्या लिहितील, आणि त्यातल्या वीस त्यांच्या आयांनी लिहिलेल्या असतील. हस्तलिखित स्पर्धेत आमच्याकडे एकदा अख्खा अंक काकांच्या अक्षरात आला होता.

गणोबा_काका

हेडमास्तरांशी सहमत. वही पुरावा म्हणून चांगली, निकष म्हणून वाईट.

क्रमांकाबद्दल एक गोष्ट भाषणात दोन वाक्यांत घेता आली तर बघा, कारण ती कोणी सांगत नाही. मराठीत तुमच्या वर्गाचे गुण कुठून कुठे आहेत? आणि गणितात?

शाळेतली_चिंच

मराठीत साधारण ६८ ते ८६. गणितात ४१ ते ९३.

गणोबा_काका

मग तुमचा एकूण क्रमांक बहुतांश गणितच ठरवतंय. मराठीत सगळ्यात पुढची मुलगी सगळ्यात मागच्यापेक्षा फार तर अठरा गुणांनी पुढे, गणितात तेच अंतर बावन्न. दोन्ही विषय शंभराचे म्हणून आपण सारखे धरतो आणि बेरीज करतो, पण ज्या विषयात गुण जास्त पसरतात तो बेरजेत दांडगाई करतो. निबंध लिहिणारं पोर तिथे मार खातं. कोणी ठरवलं नव्हतं, तरी होतं.

सूत्रधार_बापू

मग मराठीत मोकळ्या हाताने गुण द्या ना! शंभरपैकी शंभर! (चारोळी नाही टाकली, नोंद घ्यावी.)

शाळेतली_चिंच

बापू, मराठीच्या बाईंना दाखवलं. हसल्या, आणि म्हणाल्या की तीस वर्षं माझ्या विषयाला बेरजेत किंमत नाही हे मला माहीत होतं, का ते आज कळलं.

बरं, हे नवं भाषण. घड्याळ लावून वाचलं, पावणेपाच मिनिटं झाली. मधला भाग देते:

"आज ज्यांना क्रमांक मिळालेत त्यांनी ते कमावलेत. त्यात कोणी शंका घेऊ नये. मला सांगायचंय ते क्रमांकात काय मावत नाही त्याबद्दल. गेल्या वर्षी या शाळेत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ६०० पैकी एका गुणाचं अंतर होतं. एक गुण म्हणजे उत्तरापुढे लिहायचं राहिलेलं 'चौरस सेंटिमीटर'. आणि सोळाव्या क्रमांकावर एक वही होती. त्या वहीत एका गणिताखाली चार तारखा आहेत. पहिल्या तीन तारखांना ते चुकलंय. गुणपत्रिकेवर त्या तीन तारखांना जागा नाही, कारण परीक्षा चौथ्या तारखेनंतर झाली. मी गणिताची शिक्षिका आहे, गुण मीच देते, आणि मलाही ते दिसलं नव्हतं. मी आधी चुकीच्या मुलाचं कौतुक करत होते. त्याला एका परीक्षेत कमी पडले होते कारण तो आजारी होता. वही उघडून बघेपर्यंत मला कळलं नाही."

'आजारी' ठेवू का? त्यावरून तो ओळखू येईल का?

पाठचा_बाक

येईल. कांजिण्या सगळ्या वर्गाने पाहिल्यात. "एका मुलाबद्दल माझा अंदाज चुकला होता" एवढंच म्हणा. आणि 'सोळाव्या क्रमांकावर' काढा, नाहीतर मुलं संध्याकाळपर्यंत यादी मोजतील.

मीच_ती_आई

पहिलं वाक्य ठेवा. माझ्याकडून टाळी.

शाळेतली_चिंच

झालं भाषण. माइक दोनदा गेला, तरी सहा मिनिटांत संपवलं. टाळ्या 'चौरस सेंटिमीटर'ला आल्या, त्याही मुलांच्या नाही, बाकीच्या शिक्षकांच्या. 'घ' ढाल घेऊन खाली उतरली आणि मैत्रिणीला वही दाखवत होती. वही सोबत आणली होती, मी सांगितलं नव्हतं.

'क' जिन्यात भेटला. म्हणाला, "बाई, तो अंदाज चुकलेला मुलगा मीच का?" मी हो म्हटलं. "मला पण बक्षीस मिळणार होतं?" याला काय बोलावं ते सुचलं नाही. म्हटलं, उद्या वही घेऊन ये, बघू.

समारंभानंतर एका दात्यांनी विचारलं, या नव्या पारितोषिकासाठी आईच्या नावाने ठेव ठेवायची आहे, अट काय लिहू? मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. हेडमास्तर सर, काका, काय लिहू? 'प्रगतीत प्रथम' असं लिहिलं तर पुन्हा तेच.

निवृत्त_हेडमास्तर

अट शक्य तितकी सैल ठेवा. 'शाळेच्या शिक्षकांच्या समितीने ठरवलेल्या विद्यार्थ्यास.' ठेव वीस-तीस वर्षं चालते, निकष तितका टिकत नाही.

गणोबा_काका

सैल ठेवलीत तर पाच वर्षांत ते संस्थाचालकाच्या भाच्याला जाईल. निदान 'वर्षभराच्या किमान चार परीक्षा पाहून' एवढं तरी घाला.

वाचनवेडा

भाचा चारही परीक्षांत चढता दाखवतील.

शाळेतली_चिंच

पत्र सोमवारी द्यायचंय. भांडून घ्या, मी वाचतेय.